हळद पुरवठा करार: साताऱ्याच्या बैठकीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आजपासून या कामाच्या नोंदी इथे ठेवतेय. आमची कंपनी कुपवाड एमआयडीसीत हळद साफ करून, वाफेवर निर्जंतुक करून, दळून पावडर देते. पुण्याच्या मसाला कंपनीला आमच्याशी तीन वर्षांचा पुरवठा करार करायचाय. त्यांची स्वतःची दळायची युनिट आहे पण वाफेचं मशीन नाही, त्यामुळे ते आमचं गिऱ्हाईकही आहेत आणि उद्या मशीन घेतलं तर आमचे स्पर्धकही, ही गोष्ट सगळ्या कामात डोक्यात ठेवायला लागणार.

त्यांच्या खरेदीच्या साहेबांचा सकाळी फोन आला, म्हणाले पुढच्या आठवड्यात बसूया, आमची माणसं येतात तुमच्या प्लांटवर, प्लांटही बघून होईल. आमचे मालक अण्णा लगेच हो म्हणणार होते. मी म्हटलं थांबा, तारीख शेवटी ठरवू. आधी कोण येणार ते कळू दे, मग गोपनीयतेच्या करारावर सह्या होऊ देत, आणि अटींचा कागद कोण आणणार ते लेखी ठरू दे. ही तीन कामं एकमेकांत गुंतलेली आहेत, येणारी माणसं कळल्याशिवाय करारात कुणाला बांधायचं ते कळत नाही, आणि करार झाल्याशिवाय कागदावर काय लिहायचं तेही ठरत नाही.

वेळेचंही आहे. फेब्रुवारीपासून सांगली मार्केट यार्डात नवीन हळदीची आवक वाढत जाते, सौदे जोरात चालू झाले की अण्णा आणि आमचे खरेदीचे लोक दिवसभर तिकडेच. आणि यार्डात एकदा कळलं की आम्ही तीन वर्षांचं गिऱ्हाईक बांधतोय की अडत्यांच्या बोलण्याचा सूरच बदलतो, कारण त्यांना कळतं आम्हाला माल घ्यायलाच लागणार आहे. म्हणून जे व्हायचं ते जानेवारीतच, आणि गाजावाजा न करता.

६ जानेवारी

त्यांच्या लीगल मॅडमनी गोपनीयता कराराचा मसुदा पाठवला. वरवर ठीक वाटतो, दोन्ही बाजूंना सारखा लागू आहे, मुदत तीन वर्षं. पण तीन कलमं मला खटकली, लाल करून वकीलसाहेबांना पाठवली. तोपर्यंत प्लांटचा फोटो, लेआऊट, खर्चाचा तक्ता, काहीही बाहेर जाणार नाही असं ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. प्लांटच्या काकांनी विचारलं नुसता लॅब रिपोर्ट पाठवू का, म्हटलं तो गिऱ्हाइकांना आपण नेहमीच देतो, त्याला हरकत नाही, पण वाफेचा दाब आणि वेळ लिहिलेली बॅच शीट नाही.

८ जानेवारी

विश्रामबागला वकीलसाहेबांकडे दुपारभर बसलो, अण्णा, मी आणि प्लांटचे काका. काकांना मुद्दाम नेलं कारण नक्की काय लपवायचंय ते त्यांनाच माहिती. अख्खी हळद वाफेत किती वेळ ठेवायची, किती दाबाला, नंतर किती वेळात वाळवायची, यातच आमचं सगळं आहे. वाफ जास्त झाली की रंग आणि तेल जातं, कमी झाली की जंतू राहतात, आणि मधली ती जागा काकांनी वर्षानुवर्षं बॅच बिघडवून बिघडवून शोधलेली आहे.

आता ती तीन कलमं.

पहिलं, "लक्षात राहिलेल्या माहितीचं" कलम. मसुद्यात लिहिलंय की चर्चेत आलेलं जे काही त्यांच्या माणसांच्या डोक्यात आपोआप राहील, कुठं लिहून न घेता, ते वापरायला त्यांना मोकळीक. सॉफ्टवेअरवाल्यांच्या करारात हे कलम बऱ्याचदा दिसतं असं साहेब म्हणाले, तिथं इंजिनियर या प्रोजेक्टवरून त्या प्रोजेक्टवर जातात म्हणून ते घालतात. पण आमच्या प्रोसेसमधलं जे गुपित आहे ते दोन-तीन आकड्यांचं आहे, कुणीही चहा पिताना लक्षात ठेवेल! हे कलम राहिलं तर बाकीचा करार नुसता कागद. साहेबांनी ते पूर्ण काढायला सांगितलं, बदल सुचवत बसायचं नाही, काढायचंच.

दुसरं, तोंडी सांगितलेल्या माहितीचं. मसुद्यानुसार बोलण्यात आलेली माहिती पंधरा दिवसांत लेखी कळवली तरच गोपनीय धरायची. बैठक म्हणजे सगळं बोलणंच की, आणि प्लांट दाखवला तर ते बघणं, बघितलेल्याचा तर मसुद्यात उल्लेखच नाही. साहेबांनी वाक्य बदललं: बैठकीत सांगितलेली, दाखवलेली किंवा प्लांटवर बघितलेली माहिती, शिक्का असो नसो, साधारण समजदार माणसाला ती गोपनीय आहे हे कळण्यासारखं असेल तर गोपनीयच. तरी वर म्हणाले की बैठकीनंतर यादी पाठवायचीच, उद्या वाद झाला तर "हे आम्ही त्याच आठवड्यात कळवलं होतं" म्हणायला कागद हातात पाहिजे.

याच कलमाच्या पोटात अजून एक बारीक गोष्ट आहे. "आम्हाला हे आधीपासून माहीत होतं" असं म्हणून सुटका करून घ्यायची वाट बहुतेक सगळ्या करारांत असते, आणि ती असणं बरोबरही आहे. पण तिथं एक शब्द घातला, आधीपासून माहीत असल्याची त्या तारखेआधीची लेखी नोंद दाखवायची. नुसतं तोंडी नाही.

तिसरं, "प्रतिनिधी" कोण. त्यांच्या व्याख्येत कर्मचारी, संचालक, सल्लागार, ग्रुपमधल्या इतर कंपन्या, त्यांना पैसे देणारे, सगळेच आले. म्हणजे आमची माहिती एका कंपनीला देतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात ती किती ठिकाणी जाईल ते माहीत नाही. साहेबांनी ते छोटं केलं: बैठकीच्या यादीत नाव असलेली माणसं आणि त्यांच्या कंपनीतले या कामाशी थेट संबंध असलेले कर्मचारी. बाहेरचा सल्लागार असेल तर त्याची वेगळी सही, आणि त्यानं काही फोडलं तर जबाबदार कंपनीच.

अण्णांचा आग्रह होता की "आमच्या शेतकऱ्यांकडून थेट माल घ्यायचा नाही" हेही लिहा. इथं साहेबांनी सांगितलेलं सगळ्यांनी वाचावं म्हणून नीट लिहितेय. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७, धंदा करण्यावर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्द धरला जातो. करार चालू असताना घातलेलं बंधन कोर्ट बऱ्याचदा मान्य करतं, पण संबंध संपल्यावरसुद्धा अमक्याकडून माल घेऊ नका असं म्हणणं टिकायला अवघड. त्यामुळे अशा कलमावर विसंबून शेतकऱ्यांची यादी द्यायची नाही. यादीच द्यायची नाही! त्यांना मालाचा माग लागतो ते बरोबर आहे, तर गाववार एकूण वजन आणि लॉट नंबर द्यायचे, शेतकऱ्याचं नाव-फोन आपल्याकडेच. त्यांच्या क्वालिटीवाल्यांना ऑडिट करायचं असेल तर आपल्या ऑफिसात येऊन कागद बघावा, कॉपी नाही.

अण्णांना हे पटायला वेळ लागला, त्यांना कागदावर कलम असलं की निर्धास्त वाटतं.

९ जानेवारी

येणाऱ्यांची यादी मागवली. मेलमध्ये तीनच गोष्टी विचारल्या: नाव-हुद्दा, कशासाठी येतायत, आणि भावावर व मुदतीवर हो म्हणायचा अधिकार कुणाला आहे. तिसरा प्रश्न मेलवर विचारायला अवघडल्यासारखं होतं पण विचारायलाच लागतो. आम्ही अण्णांना घेऊन बसणार, म्हणजे आमच्याकडून शेवटचा शब्द टेबलावर, आणि समोरचे दर वेळी "वर विचारून सांगतो" म्हणणार, म्हणजे आम्ही एकदा सोडलेलं सुटलं आणि त्यांचं मात्र सगळं राखून. मालक समोर असणाऱ्या छोट्या कंपनीचं इथंच नुकसान होतं.

त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं, सरळ उत्तर दिलं हे आवडलं. खरेदीच्या साहेबांना एका मर्यादेपर्यंत अधिकार, तीन वर्षांचा करार त्याच्या वर जातो, तो त्यांच्या कमिटीकडे जाणार. मग मी लिहिलं की तसं असेल तर आमच्याकडूनही अण्णा जे बोलतील ते आमच्या बोर्डाच्या मंजुरीवर अवलंबून राहील आणि हे बैठकीच्या सुरुवातीलाच दोघांनी म्हणायचं. बोर्ड म्हणजे अण्णा आणि वहिनीच, पण कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, बोर्ड आहे, ठराव लागतो, यात खोटं काही नाही. शिवाय त्यांचे कमिटीतले एक साहेब त्या दिवशी अकरा ते चार फोनवर मिळतील असं कबूल करून घेतलं.

आमच्याकडून चौघं: अण्णा, प्लांटचे काका, सीए आणि वकीलसाहेब. मी नोंदी घ्यायला. काका फक्त क्वालिटीच्या सत्राला बसणार, कारण ते मनानं मोकळे आहेत, कुणी कौतुकानं मशीनबद्दल विचारलं की सगळं सांगतील. हे त्यांना मी तोंडावर सांगितलं आणि त्यांनाही पटलं.

१२ जानेवारी

त्यांच्या यादीत खरेदीचे साहेब, क्वालिटीच्या मॅडम, लीगल मॅडम आणि चौथं नाव एका सल्लागाराचं, हुद्दा नुसता "तांत्रिक सल्लागार". कुणाचे सल्लागार ते लिहिलं नव्हतं. काकांनी नाव ओळखलं, हे गृहस्थ दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका हळद कारखान्यालाही सल्ला देतात, त्यांनाही वाफेचं मशीन बसवायचंय म्हणे.

यात त्या गृहस्थांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, चार ठिकाणी सल्ला देणं हाच त्यांचा व्यवसाय. पण त्यांना आमच्या प्रोसेसच्या चर्चेत बसवणं शक्य नाही. खरेदीच्या साहेबांना फोन केला, मेलवर लिहिलं नाही, कारण असं नाव घालून लिहिलेलं कुणाच्याही पुढे जाऊ शकतं. दोन पर्याय दिले. एक, त्यांनी स्वतःच्या नावानं गोपनीयतेची हमी द्यायची, त्यात हळदीच्या वाफ प्रक्रियेचं सध्या कुणाकुणाचं काम करतात ते लिहायचं, आणि बसायचं फक्त तपासणीच्या निकषांच्या चर्चेला. दोन, त्यांनी येऊच नये, क्वालिटीच्या मॅडमनी प्रश्न आधी लिहून आणावेत. दुपारी उत्तर आलं, ते येणार नाहीत. बरं झालं. वादही झाला नाही.

१३ जानेवारी

अटींचा मसुदा कुणी आणायचा यावर आज दोन फोन आणि बरेच मेल.

त्यांचं म्हणणं आमचा ठरलेला पुरवठा करार आहे, चाळीसेक पानी, सगळ्या पुरवठादारांना तोच, तुम्ही वाचून शेरे द्या. यात अडचण अशी की जो पहिला कागद आणतो तो न बोललेल्या सगळ्या गोष्टी आपल्या बाजूनं लिहून ठेवतो, आणि समोरच्याला एकेक बदल मागून घ्यावा लागतो. चाळीस पानांत आम्ही फार तर दहा बदल मागू शकू, अकरावा मागताना आपल्यालाच वाटायला लागतं की आपण फार ताणतोय. उलट आम्ही चाळीस पानी करार लिहायचा म्हटलं तर वकिलांचा खर्च आमच्या अंगावर, आणि त्यांची लीगल टीम तो बाजूला ठेवून शेवटी आपलाच काढणार.

म्हणून मी सुचवलं की काम दोन भागांत करू. दोन पानी अटींचा गोषवारा, ज्याला ते टर्मशीट म्हणतात, तो आम्ही लिहून आणतो, त्यात फक्त धंद्याच्या गोष्टी: भाव कसा ठरणार, किती माल, माल परत कधी, पैसे कधी, पूर आला तर काय. तो टेबलावर पक्का झाला की त्यावरून मोठा करार त्यांनी लिहायचा, त्यांच्याच साच्यात, पण गोषवारा आणि करार यात फरक पडला तर गोषवारा वरचढ. त्यांना मोठ्या कराराची लेखणी हातात राहते, आम्हाला धंद्याच्या अटींची. लीगल मॅडम म्हणाल्या चालेल, फक्त तीन दिवस आधी द्या, बैठकीत पहिल्यांदा कागद समोर ठेवला तर आमच्या कमिटीला काय दाखवू. रास्त आहे, कबूल केलं.

आणि एक नियम दोघांनी मान्य केला, एका वेळी फाइल एकाच्याच ताब्यात. आत्ता आमच्याकडे. बदल ट्रॅक करूनच, आणि नाव असं:

```
TS_v1_19Jan_Sangli.docx
```

१६ जानेवारी

संक्रांत झाली, आता गोषवारा. सकाळपासून सीए आणि मी.

भावाचं कलम सगळ्यात अवघड. तीन वर्षं एकच भाव दोघांनाही परवडणार नाही, हळदीचा भाव वर्षात कुठल्या कुठं जातो. म्हणून सूत्र लिहिलं: सांगली मार्केट यार्डातल्या ठरलेल्या प्रतीच्या आधीच्या चार आठवड्यांच्या सौद्यांची सरासरी, गुणिले एक ठरलेला घट-आकडा, अधिक किलोमागं ठराविक प्रक्रिया खर्च. नुसत्या समजण्यासाठी आकडे घेतले, समजा सरासरी १५० रुपये किलो, घट-आकडा १.०५ आणि प्रक्रिया ३० रुपये, तर १५७.५० अधिक ३०, म्हणजे १८७.५० रुपये. सरासरी १५ टक्क्यांच्या वर किंवा खाली गेली तर दोघांनी दहा दिवसांत परत बसायचं.

सीएंचं म्हणणं होतं खर्चाचा तक्ता जोडू म्हणजे ३० का ते पटेल. मी नको म्हटलं. तक्त्यात वीज, कोळसा, मजुरी, घट सगळं सुटं सुटं लिहिलं की कोळशावरून वाफ किती लागते ते जाणकार माणूस काढतो, म्हणजे जे करारानं झाकलं ते आपणच तक्त्यातून उघडं करतो. म्हणून घट एका आकड्यात, खर्च एका आकड्यात, आणि दोन्ही जागा चौकटी कंसात रिकाम्या, टेबलावर भरायला. सूत्र मात्र आमचं. पहिला आकडा आपण टाकावा का यावर अण्णांशी बराच वेळ चर्चा झाली, शेवटी ठरलं की सूत्र मान्य झाल्यावरच आकडा काढायचा, नाहीतर सगळी बैठक ३० चे २५ करा यातच जाते आणि सरासरी कुठल्या प्रतीची हे कुणी विचारतच नाही, खरे पैसे तर तिथंच आहेत.

पैसे किती दिवसांत, त्यांचा साचा ६० म्हणतो. आमची कंपनी उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योग आहे, एमएसएमई कायदा २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही. म्हणून इथं रिकामी जागा ठेवलीच नाही, ४५ लिहिलं आणि कलम खाली टाकलं. हा भाव-तावाचा मुद्दाच नाही.

पुराचं कलम. त्यांच्या साच्यात नैसर्गिक आपत्तीत "पुरवठादाराचा कारखाना बंद पडल्यास" एवढंच आहे. आमचा कारखाना कुपवाडला, तिथं कृष्णेचं पाणी यायचं नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली शहर पाण्यात होतं, २०२१ ला परत तेच, आणि कच्चा माल शहरातल्या गोडाऊनला असतो. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या हळदीच्या कोठारांत, २००५ च्या पुराचं पाणी शिरलं होतं ते इथल्या प्रत्येक हळदवाल्याला माहीत आहे. म्हणून लिहिलं: कारखाना, गोडाऊन, मार्केट यार्ड किंवा त्यांना जोडणारा रस्ता, यातलं काहीही पुरानं बंद असेल तोवर पुरवठ्याची मुदत पुढे सरकेल. पुण्यात बसून लिहिणाऱ्याला हे सुचणार नाही, आणि आपला कागद आपण आणायचा तो यासाठीच.

१९ जानेवारी

गोपनीयता करार झाला. लक्षात राहिलेल्या माहितीचं कलम गेलं, तोंडी माहितीचं आमचं वाक्य आलं, प्रतिनिधींची व्याख्या छोटी झाली. मुदतीत देवघेव झाली: साधी माहिती तीन वर्षं, प्रोसेसची माहिती ती गुपित राहील तोपर्यंत. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, दोन्हीकडून सही करणाऱ्याला बोर्डानं अधिकार दिल्याच्या ठरावाची प्रत जोडून. त्यांच्याकडून खरेदीचे साहेब सही करणार होते, आम्ही ठराव मागितल्यावर कळलं त्यांना तो अधिकारच नाही, मग कंपनी सेक्रेटरींनी सही केली. ठराव मागणं म्हणजे अविश्वास नाही, अधिकार नसलेल्या माणसाची सही असेल तर नंतर कंपनी हात झटकू शकते.

सह्या झालेली प्रत हातात आल्यावरच गोषवारा पाठवला.

जागा साताऱ्यात ठरली. प्लांट नको, कारण काहीच न ठरता प्लांट दाखवायचा नाही. पुण्याला आम्ही गेलो तर त्यांच्या ऑफिसात त्यांची माणसं आत-बाहेर करणार आणि आम्हाला आपापसात बोलायला जागा नाही. सातारा दोघांनाही साधारण मधे, आम्ही पेठ नाक्यावरून हायवेला लागलो की सरळ.

२० जानेवारी

त्यांच्या खरेदीच्या साहेबांनी गोषवाऱ्यावर मेल टाकला, "सूत्र मान्य, ४५ दिवस मान्य, फेब्रुवारीपासून माल सुरू करा". अण्णा खूश, "ओके" लिहून टाक म्हणाले. थांबवलं.

मेलवर करार होत नाही असं पुष्कळांना वाटतं. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम हा निकाल वकीलसाहेबांनी दाखवला होता, बॉक्साइटचा व्यवहार, मोठ्या करारावर सही झालेली नव्हती, तरी मुख्य अटी मेलवर ठरल्या होत्या म्हणून कोर्टानं करार झालाच असं धरलं. आमचं अजून घट-आकडा, प्रत, माल परतीचं काहीच ठरलेलं नाही आणि "ओके" म्हटलं की माल सुरू.

उत्तर असं दिलं: आभार, या सगळ्या गोष्टी सही झालेल्या अंतिम करारावर अवलंबून आहेत, तोवर कुणावरही बंधन नाही, गोपनीयता सोडून. हेच वाक्य गोषवाऱ्याच्या डोक्यावर ठळक टाकलंय. सीए म्हणत होते "हक्क अबाधित राखून" असं इंग्रजीत लिहितात तसं प्रत्येक मेलवर लिहू. वकीलसाहेब म्हणाले ते वाद झाल्यावर तडजोडीच्या बोलण्यात लिहायचं असतं, कोर्टात ती तडजोड कबुली म्हणून वापरू नये म्हणून, इथं वादच नाही तर ते लिहून करार होण्यापासून वाचणार नाही. तर ते नाही लिहायचं.

२१ जानेवारी

साताऱ्याला हॉटेलवर जाऊन आले. दोन खोल्या घेतल्यात, एक बैठकीची आणि एक बाजूची छोटी, ज्यांना आपापसात बोलायचंय त्यांनी तिकडं जायचं. बुकिंग माझ्या नावावर, कारण हॉटेलवाले आपुलकीनं दारात बोर्ड लावतात, अमुक कंपनीचं स्वागत असो, आणि साताऱ्याच्या हायवेवर चहाला थांबणाऱ्या सांगलीच्या माणसानं तो वाचला की संध्याकाळी यार्डात बातमी. मॅनेजरना सांगितलं बोर्ड नको, ते म्हणाले लग्नाची बोलणी आहेत का, म्हटलं नाही, ऑफिसची मीटिंग आहे, साधी. कॅलेंडरचं आमंत्रणही नुसतं "सातारा भेट" नावानं पाठवलं, तिथलं नाव फोनच्या स्क्रीनवर कुणालाही दिसतं.

गोषवाऱ्याच्या छापील प्रती जेवढी माणसं तेवढ्याच, प्रत्येकीवर नंबर, जाताना परत गोळा. व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा नाही हे ठरलंय, पण ड्रायव्हरला लोकेशन कुणी पाठवायचं यावरून ग्रुप निघायला लागला होता, मी वैयक्तिक पाठवलं.

२२ जानेवारी

बैठक झाली. अकराला सुरू, साडेचारपर्यंत.

सुरुवातीलाच दोन्हीकडून म्हटलं की कुणाचाही शब्द आज अंतिम नाही, कमिटी आणि बोर्ड. मग आधी भावाचं सूत्र. अपेक्षेप्रमाणे खरी ओढाताण ३० वर झालीच नाही, झाली सरासरीवर. त्यांना सगळ्या सौद्यांची सरसकट सरासरी हवी होती. त्यात कणी, हलका माल सगळं येतं आणि सरासरी खाली जाते, माल मात्र आमच्याकडून चांगल्या प्रतीचाच घेणार. अण्णांनी शांतपणे विचारलं, तुम्ही आमच्याकडून कणी घेणार का? नाही म्हणाले. मग कणीचा भाव सरासरीत कशाला. दहा मिनिटं ते लोक छोट्या खोलीत गेले, कमिटीच्या साहेबांना फोन केला, आणि येऊन अख्ख्या हळकुंडाची सरासरी मान्य केली. ते साहेब फोनवर मिळाले नसते तर हा एक मुद्दा दोन आठवडे लांबला असता.

क्वालिटीच्या सत्रात मॅडमनी चांगले प्रश्न आणले होते. कुरकुमिनचं किमान प्रमाण, ओलावा, शिसं, जंतूंची संख्या, आणि नमुना कुठल्या लॅबला. मध्येच "वाफ साधारण किती मिनिटं देता" असं सहज विचारलं गेलं, काका माझ्याकडे बघून म्हणाले निकाल काय यायला पाहिजे ते आपण लिहू, कसा येतो ते आमच्यावर सोडा. मॅडम हसल्या, पुढे गेलो. माल परतीला तिसऱ्या लॅबचा निकाल दोघांवर बंधनकारक असं ठरलं, लॅबचं नाव बाकी.

४५ दिवसांवर चर्चाच झाली नाही. पुराच्या कलमात "रस्ता" या शब्दाला त्यांचा विरोध होता, कुठलाही रस्ता बंद म्हणून तुम्ही थांबाल म्हणाले. प्रशासनानं जाहीरपणे बंद केलेला रस्ता, असं करून मिटलं.

न मिटलेलं: पहिल्या वर्षी कमीत कमी किती माल ते उचलणार. त्यांना आकडा लिहायचाच नाही. किमान उचल नसेल तर तीन वर्षांच्या कराराला आमच्या दृष्टीनं अर्थ नाही, आम्ही माल भरून ठेवणार आणि ते भाव पडला की यार्डातून घेणार. अण्णांनी ते सोडलं नाही आणि मला वाटतं बरोबर केलं.

प्रती मोजून परत घेतल्या. फळा मी स्वतः पुसला.

२४ जानेवारी

बैठकीचं टिपण आज गेलं. दोन वेगळे कागद केले. एक, काय ठरलं आणि काय नाही, वर तेच बंधन नसल्याचं वाक्य. दुसरा, त्या दिवशी तोंडी सांगितलेल्या गोपनीय माहितीची यादी, पण त्यात माहिती परत लिहिली नाही, नुसता विषय: "प्रक्रिया खर्चाचा एकत्रित आकडा, घट-आकडा, गाववार खरेदीचं वजन". यादी पाठवायच्या नादात गुपितच लिहून पाठवलं तर काय उपयोग. लीगल मॅडमची पोच आली.

आता लेखणी त्यांच्याकडे. फाइल `TS_v3_22Jan_clean.docx` त्यांना दिली, पुढचा बदल ते करणार. किमान उचलीवर कमिटीचं उत्तर ३० तारखेपर्यंत, ते आल्यावरच मोठा करार लिहायला घ्या असं सांगितलंय. प्लांट भेट करारावर सह्या झाल्यावर, आणि वाफेच्या मशीनचं पॅनेल त्या दिवशी झाकलेलं असेल, हे काकांनी स्वतःच सुचवलं. लॅबची तीन नावं आमच्याकडून सोमवारी द्यायची आहेत, ते काम सीएंकडे.